आमदारांचं टक्कल

तेव्हा, नव्वदच्या आसपास, माझा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता. एका स्थानिक साप्ताहिकाच्या होळीच्या अंकासाठी मी आमच्या आमदारांच्या फोटोवरचे केस आणि मिशा ब्रशने रंगवून घालवल्या, गुळगुळीत टक्कल केलं आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो काढला. रंगवल्याची खूण कुठेच राहिली नाही. चित्राखाली छापलं, ‘होळीची थट्टा’. आमदारसुद्धा हसले.

पुढे निवडणुकीत कुणीतरी खालची ओळ कापून तेच चित्र पत्रकावर छापलं, ‘आमदारांना मातृशोक, आजची सभा रद्द’. मैदान ओस पडलं आणि माणसं गावाकडे आमदारांच्या आईच्या, अक्कांच्या, दारात जमली.

मी मूळ फोटो घेऊन धावलो. अक्का ओट्यावर कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. लोकांना दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले आणि अक्कांना म्हणालो, "चुकलो. थट्टा आहे हे मी चित्रावरच लिहायला हवं होतं."

अक्का कितीतरी वेळ त्या टकलावरून बोट फिरवत राहिल्या.

"मी जित्ती शे ना, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "जावळ काढं तव्हय मना पोऱ्या असाच दिसे. हाऊ फोटो माले राहू दे."