आजचा नाहीवाला

...आणि नेमलं कुणाला, तर जावयाला! अहो, जो माणूस सात वर्षांत आमच्या घरात "मीठ जरा कमी आहे" एवढंसुद्धा म्हणाला नाही, त्याला! म्हणे, "आजचे नाहीवाले तुम्ही." आणि नेमलं कुणी? आमच्या हिनं. बरं, हिला हे खूळ दिलं कुणी? मीच! स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते माझ्याकडून शिका.

तुम्हाला सांगतो, या सगळ्याचं मूळ आमच्या इमारतीच्या जिन्यात आहे. मी घड्याळं दुरुस्त करतो, चाळीस वर्षं झाली, आणि संध्याकाळी इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष असतो. तर मागच्या वर्षी मी म्हटलं, जिन्याला गुळगुळीत, चकचकीत फरशी बसवू. खजिनदार म्हणाले, "वा!" सेक्रेटरी म्हणाले, "वा वा!" सात माणसं, सात माना, एकदम हलल्या. पाच मिनिटांत ठराव! सगळ्यांचं ठरलं होतं हो!

फरशी बसली. पहिल्यांदा जिना धुतला, आणि खजिनदार दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आले... बसून! पाठोपाठ सेक्रेटरी. मग मी, अध्यक्ष म्हणून, मागे कसा राहणार? प्लॅस्टरमध्ये हात घालून मीटिंग भरली, तर एकेक जण काय म्हणतो? "मला वाटलंच होतं." "अहो, मला तर फरशी बघितल्याबरोबर वाटलं होतं!" मी म्हटलं, मग तेव्हा दातखीळ बसली होती का? तर म्हणे, "सगळे हो म्हणत होते, म्हटलं आपल्यालाच कळत नसेल." म्हणजे सात जणांना वाटलं होतं, आणि सातही जणांना वाटलं की फक्त आपल्यालाच वाटतंय! आता यावर काय बोलणार?

बोलल्या त्या तळमजल्यावरच्या सिस्टरबाई. जन्म ऑपरेशन थिएटरात काढलाय, आवाज असा की भूल न देता माणूस गप्प पडतो. म्हणाल्या, "यापुढे दर मीटिंगला एक नाहीवाला. पाळीपाळीनं. त्या दिवशी त्याचं काम एकच, ठरावात खोट शोधायची. बाहेर गेल्यावर कुणी त्याच्यावर रुसायचं नाही, कारण तो बोलत नाही, त्याची पाळी बोलते. बोलण्याआधी प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं. आणि अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी तोंड उघडायचं." शेवटी! मी म्हटलं, मग अध्यक्ष कशाला, बिस्किटं फिरवायला? तर म्हणाल्या, "तुम्ही आधी बोललात की बाकीचे विचार करत नाहीत, अंदाज घेतात."

चिडलो मी. पण पुढच्याच मीटिंगला गेट लवकर बंद करायचा ठराव आला, खजिनदार नाहीवाले. त्यांना काही सुचेना. म्हणाले, "कुलूप... गंजेल." सगळे हसले. आणि त्या हशात, तीन वर्षं ठरावाविरुद्ध एक शब्द न बोललेले कोपऱ्यातले पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "माझी मुलगी दवाखान्यातून ड्यूटी संपवून उशिरा येते... तिनं कुठं थांबायचं?" कुणाला माहीतच नव्हतं! सिस्टरबाई मला म्हणाल्या, "बघितलंत? नाहीवाल्याचं बरोबरच असावं लागत नाही. एक नाही बाहेर पडला, की दुसऱ्याच्या घशात अडकलेला सुटतो."

हे मी घरी येऊन हिला रंगवून सांगितलं. तिथंच चुकलो.

कारण महिन्याभरानं मला दुकानात चक्कर आली. पडलो, कपाळाला टाके. झालं! आमचे दादा आले, थोरले बंधू, घरातला पहिला आणि शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाले, "पुरे आता. दुकान विकून टाक, दोघं मुलाकडे जाऊन राहा." मुलगा म्हणाला, "हो, या ना." सून म्हणाली, "खोली तयारच आहे." लेक म्हणाली, "बरंच होईल." ही गप्प. आणि मी? मी म्हटलं, "बरं." चाळीस वर्षांचं दुकान, आणि "बरं"! काय करणार, सगळ्यांचं ठरलं होतं हो!

तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात मी दुकानात जाऊन नुसता बसायचो. भिंग डोळ्याला लावायचं आणि काही दिसायचं नाही. भिंगाचा दोष नव्हता. कुणाला सांगणार? पोरांना वाटणार, म्हाताऱ्याला आपल्याकडे यायचं नाही.

कागदावर सही करायला रविवारी सगळे जमले, आणि ही उठली. म्हणाली, "आधी चिठ्ठ्या लिहा. भावजी, तुम्ही शेवटी बोला." दादांना! शेवटी! दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच शिकवलं... शिकवलं होतंच म्हणा. आणि मग ते फर्मान, "जावईबापू, आजचे नाहीवाले तुम्ही."

जावई घामाघूम. "नाही म्हणजे... बाबा, मला सांगितलंय म्हणून बोलतो हं... राग मानू नका... तिकडे अकराव्या मजल्यावर... आईंच्या कुंड्यांना ऊन लागेल का?"

कुंड्या! माझं आयुष्य निघालंय विकायला, आणि हे कुंड्यांचं ऊन बघतायत! मी कपाळावर हात मारणार, तर टाके.

पण सून म्हणाली, "ऊन नाहीच येत. आणि बाबा, खरं सांगू? आम्ही दोघंही दिवसभर कामावर. तुम्ही दोघं बंद घरात एकटे असाल. इथं तुम्ही पडलात तर शेजारच्या शिंप्यानं पाच मिनिटांत दवाखान्यात नेलं. तिकडे आम्हाला संध्याकाळी कळेल." मुलगा म्हणाला, "मग आधी का नाही बोललीस?" "मी सून. नको म्हटलं तर काय दिसेल? पण तुम्हाला तरी हवं होतं ना?" "मला वाटलं आईला हवंय!" ही म्हणाली, "मला? मला वाटलं यांना दुकानाचा कंटाळा आलाय." चिठ्ठ्या उघडल्या. एकाही चिठ्ठीवर 'जावं' नाही! दादांच्यासुद्धा! त्यांनी लिहिलं होतं, 'तो घाबरलेला दिसला, म्हणून म्हटलं.'

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. रडलो हो, जावयासमोर रडलो. म्हटलं, "मला वाटलं, माझी काळजी करून तुम्ही थकलात, म्हणून 'बरं' म्हटलं." दादा जवळ आले, पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. म्हणाले, "गाढवा, बोलायचं नाही का?"

उपकार मानावेत तर कुणाचे? सिस्टरबाईंचे, हिचे, आणि त्या बिचाऱ्या जावयाचे. त्याच्या त्या कुंड्यांना मी जन्मभर पाणी घालीन.

मग पहिल्यांदा खरा प्रश्न निघाला, मला चक्कर का येते? डॉक्टर म्हणाले, सकाळी रिकाम्या पोटी मधुमेहाची गोळी घेऊन दुकानात पळता म्हणून. एवढंच! दुकान राहिलं. आता ही रोज डबा घेऊन दुकानात येते, समोर बसते, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू देत नाही. गिऱ्हाइकं उभी असतात, बघत असतात. काल मी म्हटलं, "अगं, मला हे मान्य नाही!"

तर शांतपणे म्हणाली, "आज तुमची पाळी नाही."