चवथ्या घरातला चंद्र

केळझरच्या देवळाजवळ पत्रिका पाहणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींकडे माझा नंबर दुसरा होता. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. माझ्या आधीची बाई बोलत होती.

"नवरा कॅनडात हाये, गुरुजी. नऊ वर्सं झाले."

"तुह्या पत्रिकेतच हाये ते, पोरी. सातवं घर नवऱ्याचं. त्याचा मालक शुक्र, तो जाऊन बसला बाराव्यात, राहूसंगं. बारावं म्हणजे परदेश, अन् राहू माणसाले सातासमुद्रापार नेते."

"त्याले नेलं. मले कवा नेईन?"

"त्यासाठी चवथं घर पाहा लागते. ते बिघडलं, का माणसाचं गाव सुटते. तुह्या चवथ्यात चंद्र हाये, सोताच्या राशीत. शनीची नजर नाई, मंगळाची नाई. घराचं सुख लय चांगलं हाये तुले."

"घर मोठंच हाये. सिंदी मेघेले. त्यानंच तिकडून बांधवलं."

"पाह्य, बरोबर निघालं का नाई?"

"पाच खोल्या हायेत, गुरुजी. लाइट एकाच खोलीतला लागते."

गुरुजी पुन्हा पत्रिकेवर वाकले.

"लोकं वाईट ग्रहाची शांती करतेत न? तसा माह्या चंद्राले बिघडवाचा काई उपाय नाई का?"

"चांगला ग्रह बिघडवाचा उपाय कोणी मांगत नाई, पोरी."

"नसन मांगत कोणी. तुमी पोथीत पाहा तरी एकदा."

आतून पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.