उजव्या गालाचा तीळ

नम्रता: काका, चूक तुमचीच आहे. आजीचा तीळ उजव्या गालावर, ह्या आजी-आजोबांच्या फोटोत डाव्या. परवा पंचाहत्तरीच्या बॅनरसाठी स्कॅन केला तेव्हा कळलं.

दत्ताराम: दे बघू. भिंग कुठं गेलं माझं... हां. काम माझंच गो. हा पडदा आमच्याच स्टुडिओतला. तळं, शिकारा, मागे बर्फाचे डोंगर. कधीचा म्हणायचा मीराबाई?

मीराबाई: शहाऐंशीचा. नायगावहून लालबागला चालत आले होते तुमच्याकडे. हे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झालेली.

नम्रता: आजी, मग दोघांचे चेहरे दुसरीकडून कापून चिकटवले कशाला? तुझा तरी फोटो तिथंच काढायचा ना!

मीराबाई: अगं, ह्यांचा फोटो एकच, मिलच्या पासावरचा. सत्तावीस वर्षांचे त्यात. मी आले ती सदतिसाची. शेजारी बसले असते तर त्यांची मोठी बहीण वाटले असते.

दत्ताराम: म्हणून ह्या आपल्या बहिणीच्या लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन आल्या. त्यातला मीराबाईंचा तरुणपणीचा चेहरा हरभऱ्याएवढा! मी दोन्ही फोटोंची कॉपी निगेटिव्ह केली. मग एन्लार्जर वरखाली करून दोन्ही तोंडं एका मापाची काढली, पातळ कागदावर.

नम्रता: आणि कापून चिकटवली. दिसत कसं नाही कुठं?

दत्ताराम: ब्लेड तिरपं धरायचं. मग चेहरा पालथा घालून कडेला पॉलिश पेपर फिरवायचा, कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी होईस्तोवर. मैद्याची खळ लावायची, सांध्यावर ब्रश, आणि त्या सगळ्याचा परत एक फोटो. तो हा.

नम्रता: खालचा कोट-बिट कोणाचा?

दत्ताराम: कोट माझा. शालू आमच्या पद्मजाचा. गिऱ्हाइकांसाठी आम्हीच दोघं पडद्यापुढं बसून फोटो काढून ठेवलेला.

नम्रता: काय सांगता! म्हणजे आजी चाळीस वर्षं तुमच्या बायकोच्या अंगावर?

मीराबाई: तरीच! म्हटलं माझे दंड एवढे जाड कधी होते!

दत्ताराम: पद्मजा ऐकतेय वरून. हळू बोला.

नम्रता: बरं, तीळ?

दत्ताराम: सांगतो. ह्या पडद्यावर सूर्य डावीकडे रंगवलाय. पासावर पण उजेड डावीकडूनच. तुझ्या आजीवर मात्र उजवीकडून. नाकाच्या सावल्या एकमेकींकडे तोंड करून दिसल्या असत्या, एका तळ्याकाठी दोन सूर्य. मग आजीची निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली. उजेड जुळला, तीळ पलीकडे गेला. तो परत जागेवर आणायचा राहिला माझा. छे! एवढ्या वर्षांत बोलला नाहीत तुम्ही?

मीराबाई: मला कळलंच नाही. बाकी फोटोंत मी कुणी भलतीच वाटते. ह्यात मी माझ्यासारखी दिसते.

दत्ताराम: आरसा घ्या तो.

मीराबाई: हा घेतला. आता?

दत्ताराम: फोटो शेजारी धरा. तीळ कुठल्या बाजूला?

मीराबाई: अगंबाई! दोन्हीकडे एकाच बाजूला.

नम्रता: आरशातली आजी आलीय फोटोत! मग राहू दे ना आजी, तुला आवडतो तसाच. मी बॅनरवर फोनमध्ये फिरवून टाकते, दोन मिनिटांत.

मीराबाई: बॅनर दुसऱ्या दिवशी उतरेल. हा भिंतीवर राहणार. दत्तारामभाऊ, तीळ हलवा.

दत्ताराम: ह्याच फोटोवर? निगेटिव्ह पावसाच्या पाण्यात गेली. स्कॅन असला तरी ह्या कागदाची दुसरी प्रत नाही. आणि माझा हात बघताय ना, चहाची बशी वाजते.

नम्रता: आजी, बिघडला तर? आजोबांबरोबरचा हा एकच आहे तुझा.

मीराबाई: म्हणूनच. आरशातली मी माझ्यापुरती. ह्यांनी मला आरशात कधी बघितलं? समोर बसून बघितलं, जेवताना. तिळावर बोट ठेवून म्हणायचे, गर्दीत हरवलीस तर एवढ्यावरून शोधीन. त्यांच्या शेजारी बसवायची तर त्यांची बसवा.

दत्ताराम: नम्रता, तो दिवा जवळ घे. माझं मनगट टेबलाला दाबून धर. घट्ट. आता बोलू नकोस.

(बराच वेळ फक्त ब्लेडच्या टोकाची बारीक खरखर.)

नम्रता: गेला. डाव्या गालावरचा गेला काका!

दत्ताराम: गेला नाही, खरवडलाय. कागद पांढरा पडला तिथं. त्यावर राखाडी टिपके, गालाला मिळतील इतके. हं. आता काळा. शून्य नंबरचा ब्रश, जवळजवळ सुका. मीराबाई, इकडे तोंड करा. डोळ्याखाली दोन बोटं, बरोबर?

मीराबाई: दीड. ह्यांचं बोट जाड होतं.

दत्ताराम: दीड. ...झालं. घ्या. जरा मोठा झालाय, हात हलला.

नम्रता: आजी? कसा वाटतो?

मीराबाई: मला जरा परकीच वाटतेय ही बाई. पण ह्यांना बघ, किती वर्षांनी ओळखीचं कुणी शेजारी येऊन बसलं.