वरची ओळ

प्रसेनजित : पुस्तकं हे समाजाचं धन आहे, महामाया. त्यावर एका माणसाचा हक्क नसतो.

महामाया : मग हात जरा जपून लावा. समाजाच्या धनावर माझा चहाचा कप आहे.

प्रसेनजित : मी काल पिंपळगाव राजा गावात स्टेजवर जाहीर केलं. वाचनालयाले आमच्या घरातलं सगळं कपाट भेट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महामाया : तुमचं कपाट जाहीर करा ना. हे माझं आहे.

प्रसेनजित : नजीरभाई टेम्पो घेऊन येऊन राह्यला. अन् तू मोबाईल काय पाहून राह्यली? फोटो काढला ना कपाटाचा? यादी बनवली का?

महामाया : कायची यादी? आज ड्युटी नाई, कोणाशी बोलावं म्हटलं. माझी मैत्रीण धम्मशीला फोन उचलत नाई. म्हणून या मोबाईलमधल्या मदतनीसाले फोटो पाठवला. लिहिलं, 'आज सुट्टी. हे आमचं कपाट. सहज दाखवलं.'

प्रसेनजित : मशीनले? सहज?

महामाया : हाव. माणसं सहज काही ऐकत नाई घरात.

प्रसेनजित : काय म्हणते मग ते?

महामाया : वाचते, ऐका. 'सुट्टीच्या दिवशी शोभेल असंच कपाट आहे. मधली ओळ सैल आहे, पुस्तकं एकमेकांवर रेललीत. एक उघडंच पालथं ठेवलंय, त्यावर चष्मा. कुणी नुकतंच उठून चहा घ्यायला गेल्यासारखं वाटतं. वरची ओळ मात्र पाहुण्यांसारखी ताठ बसली आहे. चष्मा तुमचाच का?'

प्रसेनजित : बस? एकाही पुस्तकाचं नाव नाई? वाचताच येत नसंल त्याले.

महामाया : मी कुठं विचारलं नावं? आपल्या घरी कोणी आलं, तर दारात उभं राहून साऱ्यांची हजेरी घेते का? म्हणते, 'काय, निवांत दिसता.' तेवढंच त्यानं म्हटलं.

प्रसेनजित : अन् पाहुण्यांसारखी ताठ म्हणजे काय? आपल्या घराबद्दल बोलून राह्यलं ते!

महामाया : फोटोत दिसलं ते बोललं. तुम्ही इतकी वर्षं याच घरात राहून राह्यले, तुम्हाले चष्मा दिसला का कधी?

प्रसेनजित : आण इकडं. मी विचारतो. 'सर्व पुस्तकांची नावे क्रमाने द्या.' आता पाह्य.

महामाया : आलं का?

प्रसेनजित : म्हणते, खालची ओळ अंधारात आहे, मधल्या ओळीतली अर्धी नावं झाकली गेलीत. जी दिसतात ती देतो, बाकीची अंदाजानं सांगणार नाही. पाह्यजे तर उजेडात जवळून फोटो काढा.

महामाया : बरोबर आहे. त्याच अर्ध्या नावांवर मी नर्सिंगची परीक्षा काढली. तुम्ही सत्काराले जात होते तवा. मधलीतलं एक पानही घराबाहेर जाणार नाई, सांगून ठेवते.

प्रसेनजित : लोकांसमोर शब्द दिलाय मी!

महामाया : तुमचा शब्द आहे ना? मग तुमचंच द्या. पुढं वाचा. वरची ओळ.

प्रसेनजित : ते राहू दे.

महामाया : द्या, मी वाचते. 'वरच्या ओळीतली नावं ठळक आहेत. "प्रकाशपुंज प्रसेनजित : गौरवग्रंथ". त्याच्या शेजारीही तेच. त्याच्या शेजारीही. प्लास्टिकच्या चमकेमुळे शेवटची काही नीट दिसत नाहीत, पण तीच असावीत असं वाटतं, खात्री नाही.' मले आहे खात्री.

प्रसेनजित : तू मुद्दाम लोकांसमोर माझं हसं करून राह्यली.

महामाया : इथं लोक कुठं आहेत? मी अन् मशीन.

(बाहेर हॉर्न. महामाया कपाटापुढे खुर्ची ओढते आणि तिच्यात बसते.)

प्रसेनजित : उठ, महामाया.

महामाया : नाई उठत. तुमच्यासंगं पाच माणसं आणा, तरी नाई. नजीरभाई, या आत! वरची ओळ काढा, सगळी. सायबांनी समाजाले दिली.

नजीर : सलाम भाभी. पूरा कपाट नाई का? साब तं फोनवर पूरा बोलले होते.

महामाया : फक्त वरची ओळ. स्टूल घ्या.

प्रसेनजित : नजीर, राहू दे तू. दुसऱ्या दिवशी पाहू.

महामाया : काऊन? तुमचाच ग्रंथ, तुमचंच वाचनालय. तुम्हाले तं आनंद पाह्यजे.

नजीर : साब, याले काय लोड करू? हेच बंडल उन्हाळ्यात मी त्याच वाचनालयातून वापस आणले होते. जागा नाई म्हणे.