डांगराचे डोहाळे

प्रसूतिगृहाच्या बाकावर साधनाशेजारी दोन अनोळखी विहिणी बसल्या होत्या. एक सायखेड्याची, दुसरी चिपळूणची. सायखेड्याच्या विहीणबाई म्हणाल्या,

“तुमच्या पोरीला डोहाळे तरी कसले, तर डांगराचे. मळ्यातलं हे एवढं डांगर आणलं, आठ दिवस रांधलं.”

“आठ दिवस? वाटीभर दह्यात कालवलं की झालं.”

“डांगर दह्यात? कोकणातल्या लोकांचं लय अवघड हाय.”

“अहो, उडदाचं पीठ ते. वर कांदा नि हिंगाची फोडणी. तुमचं डांगर कसलं?”

“लाल भोपळा.”

“भोपळा? तिला तर त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. घरात शिजला की उपाशी झोपायची.”

साधनाने हातातला मोबाइल खाली ठेवला.

“माझ्याकडं तर रोज मागून घ्यायची,” सायखेड्याच्या विहीणबाई म्हणाल्या.

“मागून?”

“‘आई, अजून वाढा’ म्हणायची.”

मग दार उघडून नर्स बाहेर आली.

“मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पेशंटची आई कोण?”

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.