सरांच्या मागून गच्चीवर

आमच्या वेळी कलकत्त्याच्या कॉलेजात मुली आपल्या आपण वर्गात शिरत नसत, बरं का. मुलींच्या खोलीच्या दाराशी थांबायचं, सर आले की त्यांच्या मागून ओळीनं जायचं आणि पुढच्या बाकांवर बसायचं. तास संपला की तसंच परत.

पहिल्या दिवशी इतिहासाचे नवे सर आले. आम्ही मागे निघालो. जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो, तो थेट गच्चीवर! वाळत घातलेल्या धोतरांपाशी सर वळले.

"अहो, वर्ग कुठाय?"

"आम्हाला काय माहीत, सर? आम्ही तुमच्या मागे आलो."

"मला वाटलं, चुकलो तर तुम्ही सांगाल."

"आमचाही पहिलाच दिवस आहे, सर."

शेवटी शिपायानं आमची वरात वर्गात पोचवली. मुलं चिडीचूप बसलेली. सर घाम पुसत म्हणाले, "नमस्कार. इतिहासाचा पहिला धडा आम्ही गच्चीवर शिकून आलो. पुढे चालणाऱ्याला वाट ठाऊक असतेच, असं नाही."

वर्ग खो खो हसला.

घंटा झाली. सर निघाले, आम्ही मागे. दारात ते जरा घुटमळले मात्र, मागच्या बाकांवरून सगळी मुलं एकदम ओरडली, "डावीकडे, सर!"