आठ म्हणजे आठच

— नाही नाही, हसायचं नाही, सांगितलं ना! पॅक ओला आहे अजून. हसलात की गालाला भेगा पडतील आणि वर म्हणाल, पार्लरवालीने तोंडाची वाट लावली. पडून राहा ताई, बडबडायचं काम माझं. तर काय सांगत होते — हां, रविवारी सकाळी आठला मी एरवी गिऱ्हाईक घेतच नाही. ही वेळ लंबूची. लंबू म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण हो, पहिलीपासून एका बाकावर. यंदा उन्हाळ्यात गेली परदेशी, नवऱ्याच्या मागे. तिथे दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात घासून देते. हो, पगार घेऊन! शाळेत असताना हिने स्वतःचे घासावेत म्हणून आई पट्टी घेऊन मागे धावायची, आणि आता बघा.

सुरुवातीला नुसता सावळा गोंधळ. रविवारी आठला फोन करते म्हणाली, मी सकाळी केस विंचरून बसले — आणि या बयेने केला तिच्या रविवारी संध्याकाळी! म्हणजे माझा उजाडला सोमवार, मी बसमध्ये लोंबकळतेय आणि ही कानात नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करून दाखवतेय. मग ठरलं, तिची शनिवारची संध्याकाळ, माझी रविवारची सकाळ. आणि गंमत सांगू का, फरक अर्ध्या दिवसाचा, वर अर्धा तास. तेवढा अर्धा तास मी भिंतीवरचं घड्याळच मागे लावून टाकलं. हिशेबच नको! भिंतीवर बघायचं, काटे इथे जिथे तिथेही तिथेच. मी चहा पीत, ती भांडी विसळत. मीच म्हटलं तिला, आपलं गणित कच्चं, आपल्यासाठी घड्याळानेच सोय केलीय. आठ म्हणजे आठच.

डोळे मिटा. मिटा हो. — नाही, आज का घेतलं तुम्हाला? घेतलं. माझं दुकान, माझी मर्जी. तिने गेल्या रविवारी फोन केला नाही, एवढंच. आठ वाजले, सव्वाआठ, साडेआठ झाले. मी उलटा लावायचा? मी का लावू? दर वेळी ती लावते, तसंच ठरलंय आमचं. पावणेनऊला माझं डोकं फिरलं. लिहिलं, ‘मोठी झालीस बाई, नसेल वेळ तर राहू दे,’ आणि दिली ब्लॉक करून. बसा म्हटलं आता लोकांचे दात मोजत!

आणि तो फोन साधा नव्हता ना. बोलणार नव्हते, पण तुम्ही कुठे तिला ओळखता… तिला छातीत गाठ लागलीय. तपासायला दिलीय. रिपोर्ट आला की आधी तुला सांगेन म्हणाली, आईला नंतर, नवऱ्यालासुद्धा नंतर. मग सांग ना! आठवडाभर लक्षच नाही माझं, एका बाईच्या भुवया दोनदा कोरल्या, बिचारी अजून आश्चर्य वाटल्यासारखी फिरतेय गावभर. नाही हो, रडत नाहीये, ब्लीचचा वास चढलाय.

काय? हात का हलवताय? बोलू नका, तडकेल! मोबाईल हवाय? घ्या. कुठलं गाव विचारताय का? थांबा, तिचं गाव मीच टाकते. घ्या. — दाखवा. हे काय, दोन घड्याळं? हे आपलं, आठ पन्नास, म्हणजे माझ्या भिंतीवर आठ वीस. आणि हे तिचं… सात वीस? असं कसं? सारखेच असतात आमचे काटे. — एक तास मागे? कोणी केलं मागे? सरकारने? थंडी आली म्हणून अख्ख्या देशाची घड्याळं मागे घेतात? कमाल आहे, इथे एकदा लावलं की सेल संपल्याशिवाय आमच्या घड्याळाला कोणी हात लावत नाही! म्हणजे गेल्या रविवारी… मी साडेआठला तणतणत होते तेव्हा तिचे साडेसातच वाजले होते. तिने केला असणार. तिच्या आठला. माझ्या नऊला. आणि मी पावणेनऊलाच…

अगं बाई. आठवडाभर ती एकटीच तो रिपोर्ट घेऊन बसली असेल आणि मी इथे रुसून बसलेय, गाढव कुठली!

उठा. उठा ताई, तिथे बेसिन आहे, तोंड तुमचं तुम्हीच धुवा, घासू नका. पैसे नकोत. — ब्लॉक कसं काढतात याचं? हां, निघालं. तिचे आठ वाजायची वाट कोण बघतंय, मीच लावते. वाजतेय. — हॅलो? लंबे, शिव्या नंतर घाल, आधी रिपोर्ट सांग. … हं. … हं. … ऑपरेशन कधी? … ऐक, मध्यरात्री कर, पहाटे कर, कधीही कर, आठबिठ काही नाही आता. … आहे. आहे गं मी. — ताई, तुम्ही अजून इथेच? दार ओढून घ्या जाताना.